सत्तेचाळीस मिनिटं वाचलेलं पान

भाग्यलक्ष्मी टायपिंग शिकली ती बंगळुरात, कॉटनपेटेतल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. तिच्या घराण्याला या शहरात तीनशे वर्षं झाली असं तिचे वडील सांगत. कोणत्या सरदाराबरोबर आले, कुठे लढले, याच्या गोष्टी घरात पुष्कळ होत्या, पण मिळकत अशी काही नव्हती. म्हणून मुलगी टायपिंग शिकली आणि सिटी सिव्हिल कोर्टाजवळ आप्पाजी वकिलांच्या ऑफिसात कामाला लागली. तिथे ती सव्वीस वर्षं राहिली.

आप्पाजी वकील स्वभावाने तिरसट होते. मसुदा सांगताना येरझाऱ्या घालायचे, मधेच थांबून विचारायचे, "काय लिहिलंस? वाच." ती वाचून दाखवायची. "याचा अर्थ काय?" तिला सांगता आलं नाही तर ते वाक्य खोडून पुन्हा सांगायचे. "टायपिस्टला जे कळत नाही ते पक्षकाराला काय कळणार? न कळता सही केलेला कागद म्हणजे झोपलेल्या माणसाचा अंगठा." अशा रीतीने, वकिलीची पायरी न चढता, कराराचा कायदा तिच्या बोटांतून डोक्यात गेला. कोणतं कलम कोर्टात उभं राहतं आणि कोणतं पहिल्या तारखेलाच आडवं होतं, हे ती कागदाच्या रंगावरून सांगेल, असं कोर्टातले कारकून म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव साली आप्पाजी गेले. ऑफिस बंद झालं. घरी नवरा व्यंकोजी घड्याळांच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, सासूची औषधं चाललेली. शेजारच्या बाईचा मुलगा म्हणाला, इंदिरानगरात भाषांतराची एक डॉट-कॉम कंपनी निघालीय, त्यांना कायद्याचे कागद कळणारं माणूस हवंय. भाग्यलक्ष्मी गेली. मालक तनय, पुण्याचा, बत्तीस वर्षांचा, गोड बोलणारा. त्याने तिला 'मॅडम' म्हटलं, कॉफी मागवली आणि विचारलं, "आमचं एक पेज आहे, टर्म्सचं. ते जरा नीट ड्राफ्ट करायचंय. कराल?"

कंपनीचं काम असं होतं. देशभरातले भाषांतर करणारे लोक सायबर कॅफेत जाऊन कंपनीच्या साइटवर नाव नोंदवायचे. नोंदवताना एक पान उघडायचं, त्यात एक लहानशी चौकट, चौकटीत बारीक अक्षरांत इंग्रजी अटी, आणि खाली एक बटण: 'मला मान्य आहे'. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसे. दाबलं की काम मिळायचं.

तनयने एका अमेरिकन साइटवरच्या अटी आणून दिल्या होत्या. भाग्यलक्ष्मीने त्या वाचल्या. काम सोडल्यावर तीन वर्षं भाषांतराचं दुसरं कुठलंही काम करायचं नाही. तक्रार असेल तर तीस दिवसांत करा, नाहीतर हक्कच संपला. वाद झाला तर अमेरिकेतल्या एका राज्याच्या कोर्टातच. अट मोडली तर दोन लाख. आणि कंपनी या अटी कधीही, न कळवता, बदलू शकते.

"सर, यातलं पुष्कळसं इथे चालायचं नाही," ती म्हणाली. "काम सोडल्यावरसुद्धा धंदा करू नको, ही अट आपल्या कायद्यात रद्दच आहे. सत्ताविसावं कलम. आणि तीस दिवसांत हक्क संपला, हेही आता दोन वर्षांपासून चालत नाही."

तनय हसला. वाईट हसला नाही, समजावल्यासारखा हसला. "मॅडम, कोर्टात कोण जातंय? हे कोर्टासाठी नाहीचे. राहू द्या तसंच. फक्त इंग्लिश टाइट करा."

तिने इंग्रजी घट्ट केलं. पगार चांगला होता.

*

कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक नोंद आपोआप होत असे: कोणी पान कधी उघडलं आणि बटण कधी दाबलं. दर शनिवारी ती यादी छापून फाइलला लावायचं काम भाग्यलक्ष्मीकडे होतं. उद्या कोणी म्हणालं की मी मान्य केलंच नव्हतं, तर पुरावा असावा म्हणून. यादीतल्या वेळांमधलं अंतर ती सहज बघत असे. नऊ सेकंद. सात सेकंद. अकरा. एकाला चार. अटींची सहा पानं होती. कोणी वाचत नव्हतं, आणि कोणी वाचावं अशी ती चौकटही नव्हती.

मार्चमधल्या एका शनिवारी तिचं बोट एका ओळीवर थांबलं. पान उघडलं दहा वाजून चार मिनिटांनी. बटण दाबलं दहा एक्कावन्नला. सत्तेचाळीस मिनिटं.

नाव होतं पुरुषोत्तम, पत्ता बंगळूरचाच, कब्बनपेट. सायबर कॅफेत तासाला साठ रुपये पडायचे. या माणसाने जवळजवळ तासाभराचे पैसे भरून, हमरस्त्यावरच्या गोंगाटात बसून, सगळ्या अटी वाचल्या होत्या. भाग्यलक्ष्मीला आधी बरं वाटलं. मग, का कोण जाणे, भीती वाटली.

पुढच्या महिन्यांत ते नाव अधूनमधून तिच्या समोर येत राहिलं. पुरुषोत्तम हे एका वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषा पक्क्या. त्यांच्याकडे स्वतः बावीस वर्षं जमवलेला एक शब्दसंग्रह होता, चौदा हजार शब्दांचा: शेतकऱ्यांचे, विणकरांचे, सुईणींचे, गवंड्यांचे शब्द, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, खाली इंग्रजी अर्थ. आपला संग्रह साइटवर चढवणाऱ्याला वरची श्रेणी, असं कंपनीने जाहीर केलं तेव्हा त्यांनी रोज सकाळी कॅफेत बसून तीन महिन्यांत तो सगळा चढवला. श्रेणी काही मिळाली नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी काम सोडलं, तेही रीतसर पत्र लिहून.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तनयने तिला आत बोलावलं. मुंबईच्या वकिलाचं एक पत्र टेबलावर होतं, त्यावरून मसुदा करायचा होता. परदेशातली एक सॉफ्टवेअर कंपनी असे नऊ शब्दसंग्रह विकत घ्यायला तयार होती, पण तिला मालकी स्वच्छ हवी होती. मुंबईच्या वकिलाने दोन ओळींत सांगितलं होतं की नुसत्या क्लिकने कॉपीराइट आपल्याकडे येत नाही; लेखकाची सही असलेला लेखी कागदच लागतो.

"तर नऊ जणांना नोटीस जाईल," तनय म्हणाला. "सोबत एक अंडरटेकिंग. साइन करून सात दिवसांत परत. लँग्वेज स्ट्राँग पाहिजे."

तिने टाइप केलं. पहिल्या पाच कलमांत अटी मोडल्याचा आरोप होता. पुरुषोत्तमांच्या नोटिशीत तर त्यांनी चामराजपेटेतल्या एका शाळापुस्तकांच्या प्रकाशकाचं काम घेतल्याचाही उल्लेख होता, आणि नोटिशीची एक प्रत त्या प्रकाशकाला जाणार होती. सहाव्या कलमात, संग्रहाच्या घरी असलेल्या सर्व प्रती नष्ट करा. सातव्यात दोन लाख. आठव्यात अमेरिकेतलं कोर्ट. आणि नवव्यात, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत साध्या भाषेत: या शब्दसंग्रहातील माझे सर्व हक्क मी कायमचे कंपनीच्या नावे करीत आहे. खाली सहीची जागा.

आप्पाजींकडे सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला हे कळायला वेळ लागला नाही. पहिली आठ कलमं हा नुसता आवाज होता. त्या आवाजात माणूस गांगरावा आणि नवव्या कलमाखाली सही करून मोकळा व्हावा, एवढ्यासाठी. बटणाने जे होत नव्हतं ते हा कागद करून घेणार होता.

नऊ पाकिटं तिनेच बंद केली. सोमवारी रजिस्टर्ड पोस्टाने गेली.

*

दोन दिवस तिने काही केलं नाही. सासूचा चहा, बस, ऑफिस, बस. व्यंकोजीने विचारलं, "काय झालंय? जेवणात लक्ष नाही." ती म्हणाली, "काही नाही, डोकं स्वल्प दुखतंय." मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने रिक्षा केली आणि कोर्टात गेली.

हंबीरराव पूर्वी आप्पाजींचा ज्युनियर. आता स्वतःचं टेबल, वर वकील संघाच्या खोलीत. तिला बघून उठून उभा राहिला. "या अक्का. कोर्टाची आठवण झाली?"

"हंबीर, एक विचारायचंय. कुणाचं नाव घेणार नाही." आणि तिने नाव न घेता विचारलं: कॉम्प्युटरवर बटण दाबून एखाद्याने अटी मान्य केल्या, तर तो करार होतो का? साइटवर कोणालाही दिसतात त्या अटीही तिने एकेक करून सांगितल्या.

हंबीरराव हसला नाही. हा प्रश्न त्या वर्षी कोणी कोर्टात विचारत नव्हतं. त्याने कराराच्या कायद्याचं पुस्तक ओढलं, पण उघडलं नाही.

"व्हायला हरकत नाही, अक्का. अठराशे बहात्तरचा कायदा सहीच पाहिजे असं कुठे म्हणतो? प्रस्ताव पुढे ठेवला, समोरच्याने कृतीने होकार दिला, मोबदला आहे, झाला करार. बस कंडक्टरकडून तिकीट घेताना आपण सही करतो का? अटी बटणाच्या आधी समोर होत्या, 'मान्य' असं स्पष्ट लिहिलं होतं, दाबणारा सज्ञान होता, तर न्यायाधीश बहुतेक म्हणेल, बांधला गेलास. अमेरिकेत एक-दोन कोर्टांनी तसं म्हटलंयही. आपल्याकडे अजून निकाल नाही, आणि कॉम्प्युटरवरची नोंद पुरावा म्हणून कशी आणायची याचाही कायदा अजून झालेला नाही. म्हणून कंपनीला सिद्ध करायला जड जाईल. कॅफेत बटण कुणी दाबलं? त्या दिवशी पानावर नेमकं काय होतं?"

"आणि दाबणाऱ्याने सगळं वाचून दाबलं असेल तर?"

"मग उलट त्याच्याच अंगावर येतं. वाचलं नाही, दिसलं नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही."

भाग्यलक्ष्मीला यादीतली ती ओळ आठवली. जो एकटा प्रामाणिकपणे वाचत बसला, त्याच्याच गळ्यात दोर जास्त घट्ट.

"पण करार झाला म्हणजे त्यातलं प्रत्येक कलम टिकलं असं नाही," हंबीरराव पुढे म्हणाला. "हे आप्पाजींनी तुम्हालाच आधी शिकवलं, मला नंतर. काम सोडल्यावर धंदा बंद, हे रद्द. वाचून सही केली तरी रद्द. दंडाचा आकडा हा नुसता वरचा आकडा. कोर्ट रास्त भरपाई तेवढीच देतं. तीस दिवसांत हक्क संपला, हे सत्त्याण्णवच्या दुरुस्तीने रद्द. परदेशातलं कोर्ट? ते कलम दर वेळी रद्द होतं असं मी म्हणणार नाही. पण माणूस इथला, कंपनी इथली, काम इथलं. इथला न्यायाधीश त्याला तिकडे पाठवायच्या आधी दहादा विचार करेल. न कळवता बदललेल्या अटी तर त्याने मान्यच केलेल्या नाहीत. हां, गुप्ततेचं कलम टिकतं. काम कसं करायचं, किती दिवसांत द्यायचं, तेही टिकतं."

"आणि लिहिलेल्या वस्तूची मालकी?"

"कॉपीराइट? तिथे सही लागते. लेखी, लिहिणाऱ्याच्या सहीने. बटण म्हणजे सही नाही, आजच्या कायद्यात तरी नाही." तो थांबला. तिच्याकडे नीट बघितलं. "अक्का, कुणी सही मागितलीय का?"

तिने टेबलावरचं पुस्तक त्याच्याकडे परत सरकवलं.

"तुम्ही त्या भाषांतराच्या कंपनीत काम करता. तुम्हीही कागदावर सही केली असणार. गुप्ततेची."

"केली."

"ते कलम टिकणारं आहे. कंपनीच्या आतला कागद बाहेर दाखवू नका, त्यात काय आहे ते सांगू नका. पण ज्याच्या हातात सहीचा कागद आधीच आहे, त्याला 'वकिलाला दाखव' म्हणण्यात कुठलं गुपित फुटतं?"

*

कब्बनपेटेतला पत्ता तिला तोंडपाठ होता. तिने पाकिटावर तो स्वतः टाइप केला होता. विणकरांच्या मागांचा आवाज येत असलेल्या बोळातून ती शोधत गेली. दार श्यामलाक्कांनी उघडलं, पुरुषोत्तमांच्या बायकोने. मराठीत बोलणारी बाई बघून त्यांनी आत घेतलं, आणि लगेच हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कोर्टातून आलात का?"

"नाही अक्का. मी त्या कंपनीत काम करते. पण कंपनीने पाठवलेलं नाही."

पुरुषोत्तम मागच्या अंगणात होते. धुण्याच्या दगडाशेजारी सिमेंटची टाकी, टाकीत पाणी, पाण्याचा रंग निळा. भाग्यलक्ष्मीला क्षणभर कळलं नाही. मग दिसलं: टाकीत कार्डं होती. शेकडो, हजारो. बावीस वर्षं शाईच्या पेनाने लिहिलेली कार्डं भिजून फुगली होती आणि त्यांच्यावरची शाई पाण्यात उतरत होती. शेजारी बुटांचे सात रिकामे खोके उपडे पडले होते. चार अजून भरलेले, दोरीने बांधलेले.

"पुरुषोत्तमण्णा!" ती ओरडली. "काय करताय हे?"

त्यांनी वळून बघितलं. उंच, वाकलेले, बाह्या कोपरापर्यंत वर, हात निळे. "नष्ट करायला सांगितलंय. सहावं कलम. जाळायचं मनात नव्हतं, धूर होतो, शेजाऱ्यांना त्रास. आज चौथा दिवस, रविवारपर्यंत मुदत आहे. पोस्टाला दोन दिवस लागतील."

"तुम्ही सही केलीत?"

"करणार आहे. आधी काम पुरं करतो, मग 'नष्ट केलं' असं लिहून सही. खोटं कसं लिहायचं?"

ती तिथल्या पायरीवर बसली. दोन दिवस. सोमवारी पाकिटं गेली तेव्हाच आली असती तर अकराच्या अकरा खोके कोरडे असते.

"अण्णा, हे तुमचं आहे. तुमचंच. हे असं करायची काहीएक गरज नव्हती."

"कशी नव्हती? मी होय म्हटलंय." ते तिला समजावू लागले, जणू तीच गोंधळली होती. "इतरांसारखं डोळे मिटून नाही दाबलं मी. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. तीन वर्षं दुसरं काम करायचं नाही, हेही वाचलं होतं. तेव्हा वाटलं, मी कशाला जातोय दुसरीकडे? मग काम सोडलं, घरात बसवेना, पुस्तकांचं काम आलं, घेतलं. चूक माझीच. प्रकाशकालाही चिठ्ठी गेली. काल त्याचा माणूस येऊन हस्तलिखित परत देऊन गेला. म्हणाला, तुमचं ते आधी मिटवा. शब्द दिला की दिला, बाई. आमच्या घरात तसंच आहे."

"आणि घेणाऱ्याने?" भाग्यलक्ष्मीचा आवाज चढला. "जे कायद्यात चालत नाही ते चालतं म्हणून लिहायचं, आणि तुमच्याकडून शब्द घ्यायचा? अण्णा, मी टायपिस्ट आहे, वकील नाही. तुम्हाला एवढंच सांगते. तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. नववं कलम तर त्याच्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या. यापलीकडे मला बोलता येत नाही."

ते टाकीकडे वळले. मग त्यांनी पाण्यात हात घालून एक कार्ड उचललं. अर्धं पुसलेलं होतं. 'गुद्दली', आणि त्याच्या समोर 'कु', बाकी निळा डाग.

"कुदळ," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा अचानक म्हाताऱ्यासारखा मोडला.

श्यामलाक्का दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि उरलेले चार खोके एकेक करून आत घेऊन गेल्या.

*

शुक्रवारी पुरुषोत्तम, भाग्यलक्ष्मीने सांगितलेल्या पत्त्यावर, हंबीररावाच्या टेबलासमोर बसले. सही झाली नाही. हंबीररावाने उत्तर पाठवलं, दीड पानाचं: बटणाने करार झाला की नाही हा वाद आम्ही राखून ठेवतो, झाला असं धरलं तरी धंदाबंदीचं कलम रद्दबातल आहे, संग्रहाचा कॉपीराइट लेखकाकडेच आहे, कारण त्याने कुठल्याही कागदावर सही केलेली नाही, त्याच्या परवानगीशिवाय तो विकला तर तो फौजदारी गुन्हा होईल, आणि तुमच्या नोटिशीला घाबरून त्याने स्वतःच्या प्रती नष्ट केल्या आहेत, तेव्हा तुमच्याकडची प्रत पंधरा दिवसांत द्या.

ते पत्र आलं त्या दिवशी तनयने भाग्यलक्ष्मीला आत बोलावलं. कॉफी होती. "मॅडम, तुम्ही या पुरुषोत्तमला भेटला होता?"

"भेटले. कंपनीचा कागद दाखवला नाही, कंपनीची गोष्ट सांगितली नाही. वकिलाकडे जा म्हटलं."

"आय सी." तो पेनचं टोपण उघडत-मिटत बसला. "नऊपैकी सात जणांनी सही करून पाठवलंय, तुम्हाला माहितीये? सात. एकानेही फोन करून विचारलं नाही. लोकांना क्लॅरिटी हवी असते, मॅडम. आम्ही ती देतो."

पलीकडच्या टेबलावर ती सात पाकिटं तिला दिसत होती. परत आलेली. एकावर म्हैसूरचा शिक्का, एकावर धारवाडचा. एका पत्त्याचं अक्षर थरथरतं होतं, मोठ्या वयाचं. त्या सात जणांनी घरात काय काय जाळलं किंवा भिजवलं असेल, याचा विचार तिने मोठ्या कष्टाने बाजूला सारला. त्यांचे पत्ते तिला पाठ होते. पण ते पत्ते कंपनीचे होते, आणि त्या सह्या खऱ्या होत्या, कागदावरच्या.

"मी उद्यापासून येत नाही, सर," ती म्हणाली.

"सरी," तो म्हणाला. कन्नडातलं हे 'बरं' त्याने बंगळुरात आल्यापासून उचललं होतं.

पंधरा दिवसांनी हंबीररावाच्या पत्त्यावर कुरिअरने दोन फ्लॉपी आल्या. सोबत पत्र नाही, खुलासा नाही. कंपनी कोर्टात गेली नाही; ती कधी जाणारच नव्हती. एक फ्लॉपी उघडलीच नाही. दुसरी कॅफेतल्या कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा पडद्यावर कन्नड नव्हतं, मराठी नव्हतं. नुसती चिन्हं, कंस, टिंबं, उलटेसुलटे स्वल्पविराम. कॅफेवाल्याने सांगितलं की हे कंपनीच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट नसेल तर हे असंच दिसणार. कायद्याने संग्रह पुरुषोत्तमांचा होता. फक्त तो वाचता येत नव्हता.

पुरुषोत्तमांनी ती सगळी पानं छापून घेतली. श्यामलाक्कांनी मग भाग्यलक्ष्मीला सांगितलं की ते रोज सकाळी उरलेल्या चार खोक्यांतली कार्डं आणि ती चिन्हांची पानं शेजारी शेजारी ठेवून बसतात. कार्डावर जो शब्द, तो पानावर शोधायचा, आणि कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ते वहीत लिहायचं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस. डिसेंबरपर्यंत त्यांना बरीचशी बाराखडी लागली होती. पण न उघडलेल्या फ्लॉपीवरचा भाग गेला तो गेलाच. प्रकाशकानेही पुन्हा बोलावलं नाही. हंबीररावाचं पत्र त्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "असेल हो, कायद्याने बरोबर असेल. पण मला कशाला भानगड?"

भाग्यलक्ष्मी पुन्हा कोर्टाजवळ बसू लागली. हंबीररावाने त्याच्या टेबलाशेजारी जागा दिली, मशीन तिचं जुनंच. कामं येत होती. शिवाय इन्फंट्री रोडवरच्या एका भाषांतराच्या ऑफिसातून कागदपत्रं टाइप करायला येऊ लागली होती.

जानेवारीत एका दुपारी पोस्टमन घरी रजिस्टर्ड पाकीट घेऊन आला. व्यंकोजीने सही करून घेतलं आणि ती परत येईपर्यंत टेबलावर ठेवलं. तिने उघडलं. डावीकडचा समास दीड इंच, कलमांचे आकडे दोन जागा आत, तारखेखाली रेघ. ही तिचीच मांडणी होती. कोणीतरी तिचाच मसुदा उघडून नुसतं नाव बदललं होतं. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं तत्सम धंद्यातल्या कोणासाठीही काम करणार नाही, असं आपण मान्य केलं आहे. अट मोडल्याबद्दल दोन लाख. सात दिवसांत खुलासा करावा.

"काय आहे?" व्यंकोजीने विचारलं.

"काही नाही. रद्द आहे," ती म्हणाली. "सत्ताविसावं कलम."

  व्यंकोजीने उठून तिच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पाकिटात परत ठेवला. आत सासूने पाणी मागितलं. भाग्यलक्ष्मी पाणी घेऊन गेली, परत आली, आणि पुन्हा पाकीट उघडून पहिल्या ओळीपासून वाचू लागली. दुसऱ्या दिवशी इन्फंट्री रोडवरच्या भाषांतराच्या ऑफिसातून आलेलं टायपिंगचं काम तिने हातात घेतलं, मशीनवर कागद चढवला, आणि किती तरी वेळ पहिलं अक्षर दाबलं नाही.

हंबीररावाने वर बघितलं. "अक्का?"

"करते," ती म्हणाली. "करते आहे."